पहिला मेल लिहिण्याआधी समोरच्याचं नेमकं काय आणि किती वाचावं?

मृण्मयी_व

मंडळी, एका संशोधिकेला मेल लिहायचा आहे. पावसाच्या अंदाजांची पडताळणी हा त्यांचा विषय. "उद्या पावसाची शक्यता ७० टक्के" असं कुणी सांगितलं, तर ते सांगणं कितपत बरोबर होतं हे कसं ठरवायचं, यावर त्या शोधनिबंध लिहितात आणि सर्वसामान्य वाचकांसाठी लेखही लिहितात. मी संख्याशास्त्र शिकले आहे आणि याच विषयात पुढे काम करायचं मनात आहे. आमची ओळख अजिबात नाही.

मी लिहिलेला मसुदा असा:

"आदरणीय मॅडम, मी आपले लेखन नियमित वाचते. अंदाजांच्या पडताळणीवरील आपले काम अत्यंत मोलाचे आणि प्रेरणादायी आहे. मलाही या विषयात रस असून आपल्या मार्गदर्शनाची अपेक्षा आहे."

यात खोटं काहीच नाही, तरी काहीतरी कमी पडतंय हे कळतंय. त्यांचे अलीकडचे लेख आणि पोस्टी नीट वाचून मग लिहावं असं ठरवलं आहे. तुम्ही असं लिहिण्याआधी किती वाचता? वाचताना काय शोधता? आणि वाचलेलं मेलमध्ये कसं उतरवता?

चकोर

सोपं आहे. त्यांच्या शेवटच्या तीन लेखांची नावं मेलमध्ये घाल. वाचलंय हे लगेच कळतं.

रानवारा

माझ्या मते मेलपेक्षा बायोडेटा नीट कर. एक पान, त्यात प्रकल्प वर आणि गुण खाली. पहिल्या परिच्छेदात स्वतःची ओळख ठसठशीत हवी.

मृण्मयी_व

रानवारा, धन्यवाद, पण प्रश्न माझ्याबद्दल काय लिहू हा नाहीये. त्यांच्या कामाबद्दल काय आणि कसं लिहू, हा आहे.

टिपणवही

मृण्मयी, मला असे मेल बरेच येतात, म्हणून घेणाऱ्या बाजूने सांगते. माझं क्षेत्र वेगळं आहे, पण या बाबतीत फार फरक पडत नसावा.

चकोर यांचं अर्धं बरोबर आहे. कुठल्या लेखाबद्दल बोलतोय हे स्पष्ट असावंच. पण तीन शीर्षकं एका ओळीत आली की मला उलटंच दिसतं: माझ्या पानावरची यादी उघडली आणि वरची तीन नावं उचलली. शीर्षक आणि सारांश न वाचताही मिळतात. माझ्याच सारांशातले शब्द मला परत आले की कळतं, पुढचं पान उलटलेलं नाही. दुसरी खूण म्हणजे सगळ्यात जास्त उद्धृत झालेल्या निबंधाची स्तुती. तो निबंध दहा वर्षांपूर्वीचा असतो, आणि मी त्यातल्या निम्म्या गोष्टी आता वेगळ्या पद्धतीने करते.

म्हणून अलीकडचं आधी वाच. गूगल स्कॉलरवर त्यांचं पान असेल तर यादी वर्षानुसार लावून घे, कारण उघडताच ती उद्धरणांच्या संख्येनुसार दिसते. मग गेल्या वर्ष-दीड वर्षातल्या दोन-तीन गोष्टी निवड आणि त्यातली एक तरी शेवटपर्यंत वाच, तळटीपा आणि मर्यादांच्या परिच्छेदासकट. वाचताना कुठे थांबलीस, कुठे मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं, ती जागा समासात खूण करून ठेव. मेल तिथून निघतो.

लिहून झाला की त्यातलं नाव बदलून बघ. त्याच विषयातल्या दुसऱ्या कुणाला तो जसाच्या तसा पाठवता येत असेल, तर त्यात अजून त्यांच्या कामाबद्दल काही आलेलं नाही. तुझा वरचा मसुदा तसा आहे.

केतकी०३

शेवटच्या परिच्छेदाला प्रचंड अनुमोदन. मी माझे जुने मेल काढून नाव बदलून बघतेय!

शून्यप्रहर

मृण्मयी, तू आतापर्यंत त्यांचं काय वाचलंयस ते सांग ना. हवेत बोलण्यापेक्षा त्यावर बोलू. हा विषय मला थोडाफार माहीत आहे.

मृण्मयी_व

तीन गोष्टी वाचल्या.

पहिला लेख सर्वसाधारण वाचकांसाठी. "७० टक्के शक्यता" सांगितलेले सगळे दिवस एकत्र काढले आणि त्यातल्या साधारण ७० टक्के दिवशी पाऊस पडला, तर अंदाज नीट जुळलेला आहे. एका कोरड्या दिवसावरून तो चुकला असं म्हणता येत नाही. हे फार सुरेख समजावलंय.

दुसरा लेख ब्रायर स्कोअरबद्दल. क्वचित पडणाऱ्या अतिमुसळधार पावसासाठी रोज "शक्यता शून्य" सांगत बसलं तरी हा आकडा छान दिसतो, हा त्यातला मुद्दा.

तिसरा चार लेखकांचा शोधनिबंध. त्यात त्यांच्या पद्धतीने काढलेले अंदाज नुसत्या सरासरीवर अवलंबून राहण्यापेक्षा किती चांगले ठरले, याचा तक्ता आहे. मी तिथेच अडकले. सरासरी काढताना सगळे महिने एकत्र घेतलेत असं वाटलं, आणि ते मला खटकलं. का खटकलं ते नीट सांगता येत नाहीये.

शिवाय त्यांच्या काही पोस्टी वाचल्या. एकीत त्यांनी घरातल्या आजारपणाबद्दल लिहिलंय. मन हेलावलं. त्याबद्दल दोन शब्द लिहावेत का?

केतकी०३

आजारपणाबद्दल लिहू नकोस असं मला वाटतं. पोस्ट सगळ्यांसाठी खुली असली तरी ती त्यांच्या माणसांसाठी लिहिलेली असते. अनोळखी माणसाने कामाच्या मेलमध्ये ते काढलं की "ही माझं सगळं चाळून आली आहे" असं वाटू शकतं.

निरंतर

मी इथे थोडा असहमत. मी एका चित्रकाराला त्यांच्या वडिलांवरच्या पोस्टीबद्दलच पहिल्यांदा लिहिलं होतं आणि तिथूनच छान पत्रव्यवहार सुरू झाला. माणूस आणि काम इतकं वेगळं करता येतं का?

टिपणवही

निरंतर, तुम्ही त्या पोस्टीबद्दलच लिहिलंत आणि मागितलं काहीच नाहीत. इथे मेलच्या शेवटी मार्गदर्शनाची अपेक्षा आहे. सहानुभूती आणि मागणी एकाच मेलमध्ये आली की सहानुभूती कितीही खरी असली तरी ती साधन वाटते. त्या पोस्टीचा उपयोग वेगळाच आहे, मृण्मयी: हे दिवस त्यांना कठीण असतील, तर मेल लहान ठेव आणि उत्तराची घाई करू नकोस.

निरंतर

हे पटलं. पण कामाबद्दल त्यांनी पोस्टीत लिहिलेलं असेल तर ते घ्यायला हरकत नसावी.

टिपणवही

हरकत काय, ते तर घ्यावंच. निबंध छापून येईपर्यंत वर्ष उलटतं, आणि त्या दरम्यान माणूस कुठे पोचला ते पोस्टींमध्ये दिसतं. पण त्यांनी स्वतः लिहिलेली पोस्ट आणि दुसऱ्याची पुढे पाठवलेली पोस्ट यात गल्लत होऊ देऊ नये. मला एकाने माझ्या "ठाम मताबद्दल" अभिनंदन केलं होतं. ते मत मी चर्चेसाठी पुढे पाठवलं होतं आणि मला ते मान्य नव्हतं.

शून्यप्रहर

आता त्या तक्त्याकडे. तुला खटकलं ते योग्य जागी खटकलंय.

ब्रायर स्कोअर म्हणजे १९५० साली ग्लेन ब्रायर यांनी मांडलेला मापदंड. अंदाजातली शक्यता आणि प्रत्यक्षात झालेलं (पाऊस पडला तर १, नाही तर ०) यातल्या फरकाचा वर्ग काढायचा आणि सगळ्या दिवसांची सरासरी घ्यायची. आकडा जितका लहान तितका अंदाज चांगला.

आता समज, वर्षाचे दोन सारखे भाग आहेत. कोरड्या भागात १० टक्के दिवशी पाऊस पडतो, ओल्या भागात ६० टक्के दिवशी. एक माणूस फक्त कॅलेंडर बघतो आणि कोरड्यात रोज "१० टक्के", ओल्यात रोज "६० टक्के" सांगतो. आकाशाकडे मान वर करून बघतही नाही. त्याचा स्कोअर कोरड्यात ०.१ × ०.९ = ०.०९, ओल्यात ०.६ × ०.४ = ०.२४, आणि सरासरी ०.१६५.

त्याची तुलना वर्षभराच्या एकाच सरासरीशी केली, म्हणजे रोज "३५ टक्के" सांगणाऱ्याशी, तर त्या दुसऱ्याचा स्कोअर ०.३५ × ०.६५ = ०.२२७५. म्हणजे आपला कॅलेंडरवाला सुमारे २७ टक्क्यांनी "सरस" ठरला. प्रत्येक भागाची तुलना त्या त्या भागाच्या सरासरीशी केलीस तर त्याची सरसता बरोब्बर शून्य.

त्यामुळे महिने एकत्र करून काढलेल्या सरासरीशी तुलना केली, तर ऋतूंमधला फरकच अंदाजकाराच्या खात्यात जमा होतो. हवामानाच्या संशोधनात यावर लिहिलं गेलं आहे, तुझ्या संशोधिकेला ते नक्की माहीत असणार.

मृण्मयी_व

अरे वा! हेच मला म्हणायचं होतं. मग हाच प्रश्न मेलमध्ये विचारू? "आपण सरासरी काढताना सगळे महिने एकत्र घेतल्यामुळे सरसता फुगली आहे का?"

चकोर

पहिल्याच मेलमध्ये चूक काढायची? मी नसती काढली. आधी ओळख होऊ दे.

टिपणवही

थांब. विचारण्याआधी दोन गोष्टी बघ. एक, त्यांनी हे स्वतःच कुठे मान्य केलंय का: मर्यादांचा परिच्छेद, पुरवणी, तळटीप. दोन, या निबंधानंतर त्यांनी काही लिहिलंय का. प्रीप्रिंट वाचला असशील तर त्याची नंतरची आवृत्ती आली आहे का तेही बघ, कधीकधी परीक्षकांनी नेमका हाच प्रश्न विचारलेला असतो आणि तक्ता बदललेला असतो. ज्याचं उत्तर त्यांनी आधीच छापलंय तो प्रश्न विचारलास, तर बाकीचं वाचन वाया गेलं.

वाचस्पती_९

वाखु साठवली. माझा प्रश्न: ज्या व्यक्तीला लिहायचंय तिने दोन वर्षांत काहीच लिहिलेलं नसेल तर? मला एका जुन्या सॉफ्टवेअर लायब्ररीच्या कर्त्याला लिहायचंय. लेख नाहीत, पोस्टी नाहीत.

शून्यप्रहर

वाचस्पती, तिथे कोडच त्यांचं लेखन. शेवटचे बदल आणि त्यासोबतच्या नोंदी वाचा, लोकांनी नोंदवलेल्या अडचणींना त्यांनी दिलेली उत्तरं वाचा. एखादी मागणी त्यांनी का नाकारली, हे तिथे सविस्तर लिहिलेलं सापडतं.

वाचस्पती_९

उत्तरं खरंच आहेत, आणि लांबलचक आहेत! हे डोक्यात आलंच नव्हतं.

मृण्मयी_व

टिपणवहीताई, तुम्ही म्हणालात तसं बघितलं. दोन्ही गोष्टी सापडल्या.

निबंधाच्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य आहे: महिन्यागणिक दिवस थोडे असल्यामुळे सगळे महिने एकत्र घेतले आहेत आणि त्यामुळे सरसता जास्त दिसण्याची शक्यता आहे. पहिल्या वाचनात मी त्यावरून तशीच पुढे गेले होते. आणि गेल्या महिन्यातल्या त्यांच्या एका पोस्टीत आलेख आहे. त्यात ऋतूनुसार वेगळी सरासरी घेतली आहे, पण फक्त ओल्या ऋतूसाठी. कोरड्याबद्दल काही नाही.

आता माझा प्रश्नच बदललाय. कोरड्या महिन्यांत पावसाचे दिवस मोजकेच असतात, तिथे अशी तुलना करायला पुरेशा नोंदी मिळतात का, की तिथे काही वेगळं करावं लागतं?

शून्यप्रहर

हा प्रश्न मी स्वतः त्यांना विचारला असता. याचं उत्तर मलाही ठामपणे देता येणार नाही. अनेक केंद्रांच्या नोंदी एकत्र केल्या तर संख्या वाढते, पण मग केंद्राकेंद्रातला फरक तसाच आत शिरतो. त्या काय करतात हे ऐकायला आवडेल.

टिपणवही

चकोर, तुमची शंकाही यात मिटते असं मला वाटतं. "सरसता फुगली आहे का" हा आरोप झाला असता. आताचा प्रश्न त्यांनी जिथे काम थांबवलंय तिथून पुढचा आहे.

चकोर

हो, हा चालेल. तरी माझं मत आहे की पहिल्या मेलमध्ये प्रश्नच नसावा. आवडलं तेवढं कळवावं. प्रश्न आला की समोरच्यावर उत्तराचं ओझं येतं.

केतकी०३

मी चित्रं काढते. मला नुसती दाद आली की आनंद होतो, पण "छान" ला "धन्यवाद" एवढंच लिहिता येतं. "मागच्या चित्रमालिकेत सावल्या निळ्या होत्या, या वेळी तपकिरी का?" असं विचारलं की मी रात्री उशिरापर्यंत उत्तर लिहिते. अर्थात हे माझ्यापुरतं. काहींना खरंच ओझं वाटत असेल.

मृण्मयी_व

नवा मसुदा:

"नमस्कार. तुमच्या चौघांच्या निबंधातला सरसतेचा तक्ता वाचताना मी अडखळले, कारण सरासरी सगळ्या महिन्यांची मिळून होती. त्याचा परिणाम तुम्ही शेवटी स्वतःच नोंदवला आहे, आणि गेल्या महिन्यात ओल्या ऋतूचा वेगळा आलेखही दिलात. तो पाहून माझी शंका मिटली, पण एक नवीन उभी राहिली: कोरड्या महिन्यांत पावसाचे दिवस इतके कमी असताना अशी तुलना करायला नोंदी पुरतात का?

'७० टक्के' वरचा तुमचा लेखही मला फार आवडला. एका दिवसावरून अंदाज चुकला असं म्हणता येत नाही, हे इतक्या सोप्या शब्दांत मी याआधी वाचलं नव्हतं.

मी संख्याशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केलं आहे आणि याच विषयात काम करू इच्छिते. तुमच्या गटात नवोदितांसाठी जागा असते का, हे कळलं तर आभारी राहीन. उत्तराची घाई नाही."

कसा वाटतोय?

रानवारा

आता कळलं धाग्यात काय चाललंय! हा वाचून मलाच त्या आलेखाबद्दल कुतूहल वाटायला लागलं. बायोडेटा सोबत जोडशील ना?

टिपणवही

खूपच चांगला. दोन सूचना. "७० टक्के" चा परिच्छेद काढ किंवा सगळ्यात वर ने. ती दाद खरी आहे, पण प्रश्न आणि विनंती यांच्यामध्ये आल्यामुळे भर घातल्यासारखी वाटते. मी असते तर काढला असता.

दुसरं, निबंध चौघांचा आहे. तक्ता कुणी केलाय ते बघ. बऱ्याच नियतकालिकांत शेवटी प्रत्येक लेखकाने काय केलं ते छापतात. विश्लेषण पहिल्या लेखकाचं असेल आणि तो त्यांचा विद्यार्थी असेल, तर तक्त्याचं श्रेय आणि उत्तराचा हक्क त्याचाही आहे.

निरंतर

विनंती याच मेलमध्ये असावी का? मला वाटतं आधी फक्त प्रश्न जाऊ द्यावा. उत्तर आलं की मग विचारावं.

केतकी०३

निरंतर, मला ते नको वाटतं. हेतू मनात असताना तो लपवून आधी गप्पा सुरू करायच्या आणि दुसऱ्या मेलमध्ये मागणी काढायची, यात पहिल्या मेलचा खरेपणा मागाहून कमी होतो. मला असा अनुभव आलाय आणि वाईट वाटलं होतं.

निरंतर

लपवणं वेगळं आणि थांबणं वेगळं. तिला तो प्रश्न खरंच पडलाय. जागा नसती तरी तिने विचारला असता.

शून्यप्रहर

मृण्मयी, विचारला असतास?

मृण्मयी_व

हो. विचारला असता. पण जागेबद्दलही पहिल्यापासून मनात आहे, म्हणून मी दोन्ही ठेवतेय. "७० टक्के" चा परिच्छेद वर नेला, कारण त्यांचं लिखाण वाचायला मी त्या लेखापासूनच सुरुवात केली होती आणि तो काढवत नाही.

लेखकांची कामं पाहिली: विश्लेषण पहिल्या लेखकाचं आहे, गेल्या महिन्यातला आलेख मात्र बाईंचा स्वतःचा. आता मेल बाईंना लिहून पहिल्या लेखकाला प्रत द्यावी, की दोघांना वेगवेगळे लिहावेत?

चकोर

दोघांना एकच मेल. वेगवेगळे पाठवलेस आणि त्यांनी आपापसात दाखवले तर विचित्र वाटेल.

टिपणवही

मी बाईंना लिहिलं असतं, प्रत न देता, आणि पहिल्या वाक्यात विश्लेषणकर्त्याचा नावाने उल्लेख केला असता. प्रत आली की उत्तर कुणी द्यायचं हे दोघांनाही कळत नाही. पण आमच्याकडे उलट करणारेही आहेत.